नव्वद दिवसांच्या गोळ्या

बॅग तेवीस किलोची आणि त्यातला जवळजवळ सव्वा किलो नुसत्या गोळ्यांचा, हे मला पुण्यातल्या घरी वजनकाट्यावर बॅग टांगली तेव्हा कळलं. २०२४ चा जानेवारी होता. जर्मनीत दोन वर्षांच्या करारावर नोकरी लागली होती आणि निघायला बारा दिवस उरले होते. मेडिकलवाल्या काकांकडे जाऊन मी सरळ वर्षभराचा माल उचलला होता. व्हिटॅमिन डी-३ च्या साठ हजार युनिटच्या चाळीस कॅप्सूल, लोहाच्या तीनशे गोळ्या, बी-१२ च्या तीनशे. वर आईच्या वैद्यांनी दिलेल्या चूर्णाच्या पुड्या आणि आरोग्यवर्धिनीची डबी. आमचं घर शाकाहारी, माझी फेरीटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, पातळी कायम तळाला आणि डी तर ऑफिसच्या एसीत बसून कधीच गेलेलं. त्यामुळे ही खरेदी मला शहाणपणाचीच वाटत होती.

तिकडे आठ वर्षं राहिलेल्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "अगं, दुकान टाकायला चाललीयेस का? तीन महिन्यांचं आण. त्याच्यावर एक पट्टी नको."

जर्मनीचा नियम ऐकायला सोपा आहे. प्रवासी स्वतःच्या वापरापुरती औषधं सोबत आणू शकतो आणि स्वतःच्या वापरापुरतं म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या गरजेएवढं. मेख आहे ती 'गरज' या शब्दात. तिथे पट्ट्या किंवा डब्या मोजत नाहीत. प्रत्येक औषधाचा रोजचा किंवा आठवड्याचा डोस किती, त्यावरून तीन महिन्यांचा आकडा निघतो. माझ्या डॉक्टरांनी डी-३ दिलं होतं ते आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. म्हणजे तीन महिन्यांत आठ आणि एक, अशा नऊ कॅप्सूल. माझ्याकडे होत्या चाळीस. आकाराने पाहिलं तर चाळीस कॅप्सूल मुठीत मावतात, पण डोसाच्या हिशोबाने तो जवळजवळ तीन वर्षांचा साठा होता. उलट लोहाच्या नव्वद गोळ्यांनी अर्धा डबा भरतो आणि त्या नियमात चोख बसतात, कारण त्या रोज एक घ्यायच्या.

मग मी 'हे औषध थोडंच आहे, व्हिटॅमिनच तर आहे' हा नेहमीचा युक्तिवाद करून पाहिला. मैत्रिणीने तोही मोडून काढला. तिथे गोळी औषध ठरते की पूरक आहार, हे तिच्या नावावरून कळत नाही. त्यात किती आहे हे बघतात. डी-३ ची हजार युनिटची गोळी तिथल्या कुठल्याही दुकानात साबणाशेजारी मिळते. वीस हजारांची कॅप्सूल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपली साठ हजारांची कुठल्या बाजूला जाणार, हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांची नेहमीची चिठ्ठी म्हणजे वहीच्या कागदावरची नागमोडी रेघ, ती फक्त आमच्या गल्लीतल्या काकांनाच वाचता येते. मी त्यांना म्हटलं, "सर, लेटरहेडवर इंग्रजीत टाइप करून द्याल का? कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव, डोस आणि किती दिवस." ते हसले, पण रिसेप्शनवरच्या ताईंनी करून दिलं. कोलेकॅल्सिफेरॉल ६०,००० युनिट, आठवड्याला एक. फेरस अॅस्कॉर्बेट, त्यातलं लोह १०० मिलिग्रॅम, रोज एक. मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम, रोज एक. कंपनीची नावं मुद्दाम टाळली, कारण आपल्याकडचे ब्रँड तिकडे कुणाला ओळखीचे नसतात; ते लोक घटकाच्या नावावरूनच ओळखतात. आज मागे वळून पाहताना वाटतं, सगळ्या तयारीत उपयोगी पडला तो हा एकच कागद.

पट्ट्यांचा घोळ मात्र मी स्वतः घातला. डी-३ ची पट्टी चार कॅप्सूलची. नऊ न्यायच्या तर दोन पट्ट्या आणि एक सुटी. मी कात्री घेतली आणि एक कापली. कापल्यावर लक्षात आलं की हातात जो तुकडा आलाय त्यावर काहीच लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पट्ट्यांवर बॅच नंबर आणि एक्सपायरी एकाच टोकाला ठसवलेली असते. नाव मागे ओळीने छापलेलं असलं तरी तुकड्यावर त्यातली तीन-चार अक्षरं येतात. माझ्या तुकड्यावर 'erol' एवढंच होतं. मेडिकलमध्ये आपण सर्रास 'चार गोळ्या द्या' म्हणतो आणि काका कात्री चालवतात, तेव्हा हे कधी खुपत नाही. पण नवख्या माणसासमोर तो तुकडा ठेवला तर ती नुसती पिवळी, बिननावाची कॅप्सूल असते. मी तो तुकडा घरीच ठेवला आणि आठच कॅप्सूल घेतल्या. लोहाच्या आणि बी-१२ च्या अखंड पट्ट्या, त्यांच्या मूळ खोक्यांसकट. खोकी जागा खातात म्हणून फेकायचा मोह होतो. पण सगळी माहिती खोक्यावरच असते.

वैद्यांच्या पुड्यांचा प्रश्न जास्त नाजूक होता, कारण त्यात आई गुंतलेली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं करडं चूर्ण. मी वैद्यकाकांना फोन करून विचारलं, यात नक्की काय काय आहे? त्यांनी सात-आठ नावं सांगितली, त्यात कुटकी होती. कुटकी हिमालयातली वनस्पती आणि धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या यादीत ती आहे. गंमत अशी, की दुकानात विकायला तयार असा पॅकबंद माल त्या बंधनातून वगळलाय. म्हणजे तीच कुटकी कारखान्याच्या छापील डबीत असेल तर एक न्याय आणि वैद्यांच्या पुडीत असेल तर दुसरा. मग आरोग्यवर्धिनीची छापील डबी न्यावी का? त्यात तर निम्मी कुटकीच. पण त्या डबीवर घटक वाचले तर पारा, गंधक आणि ताम्रभस्मही दिसतं. आपल्याकडे शोधित पाऱ्याबद्दल कुणी काही मानो, युरोपातल्या माणसाला त्या ओळीत फक्त 'पारा' दिसणार. मी दोन्ही आईच्या कपाटात परत ठेवलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग निदान तूप तरी ने." मी नाही म्हटलं.

विमान थेट होतं. गोळ्या मी हातातल्या बॅगेत ठेवल्या होत्या. मोठी बॅग हरवली तर निदान महिनाभर अडायला नको. जर्मनीत उतरल्यावर बॅगा घेऊन हिरव्या दारातून बाहेर पडत होते, तेवढ्यात गणवेशातल्या एका माणसाने बाजूला बोलावलं. बहुधा माझ्या बॅगांचा आकार बघून. मोठी बॅग यंत्रातून गेली, हातातली उघडायला लावली. त्याने गोळ्यांचं पाऊच बाहेर काढलं, खोकी एका रांगेत लावली आणि विचारलं, "हे सगळं तुमच्यासाठी? किती दिवसांचं?" मी कागद पुढे केला. त्याने बोट ठेवून तिन्ही ओळी वाचल्या, लोहाचं खोकं उघडून पट्ट्या मोजल्या, नऊ गुणिले दहा, आणि मान हलवून सगळं परत दिलं. दोन मिनिटंही लागली नसतील. मी खूश होते तोच यंत्रापाशी बसलेली बाई मोठ्या बॅगेतल्या एका गोल आकाराकडे बोट दाखवायला लागली. स्वेटरच्या घडीत, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली स्टीलची बरणी. आईने जिंकलं होतं.

युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दूध किंवा मांसाचे पदार्थ आणायचे नाहीत, जनावरांच्या रोगांच्या भीतीने. तूप म्हणजे दूधच. बाईने मला ते शांतपणे समजावलं आणि बरणी मला परत करून तूप तेवढं काढून घेतलं. साठ हजार युनिटच्या कॅप्सूल आत गेल्या आणि अर्धा किलो साजूक तूप बाहेर राहिलं. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

एप्रिलपर्यंत सुरळीत चाललं. मग साठा संपत आला आणि मी तेच केलं जे आपल्यापैकी बहुतेक जण करतात. दादाला फोन केला. "माझ्या कपाटात उरलेल्या आहेत, त्यातल्या थोड्या कुरियर कर ना."

दादाने मन लावून पार्सल केलं. वजन वाचावं म्हणून खोकी काढून टाकली, डी-३ च्या दोन पट्ट्या, लोहाच्या दहा, बी-१२ च्या दहा, सगळ्यांना रबर लावलं आणि आईच्या आग्रहाने चूर्णाच्या चार पुड्या घातल्या. फॉर्मवर लिहिलं, 'व्हिटॅमिन्स, भेट'. तीन आठवड्यांनी माझ्या पेटीत सीमाशुल्क कार्यालयाचं पत्र. पार्सल त्यांच्याकडे आहे, ओळखपत्र घेऊन या.

तिथे पार्सल ते उघडत नाहीत. तुमच्या हातात कटर देतात आणि तुम्हीच उघडायचं. मी टेप कापली, रबर काढलं आणि पट्ट्या टेबलावर मांडल्या. खिडकीपलीकडच्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा. त्यांनी डी-३ ची पट्टी हातात घेऊन आकडा दोनदा वाचला. "सेख्त्सिश टाउझंट?" साठ हजार? मी विमानतळावर चाललेला तोच कागद अभिमानाने काढला. त्यांनी वाचला, आणि बाजूला ठेवला.

तेव्हा मला जे कळलं ते मी निघण्याआधी कळायला हवं होतं. तीन महिन्यांची मुभा प्रवाशाला आहे, पोस्टाला नाही. स्वतःच्या बॅगेतून स्वतः आणलेलं औषध चालतं. तेच औषध, त्याच माणसासाठी, तेवढंच, पण युरोपीय संघाबाहेरून टपालाने किंवा कुरियरने खासगी माणसाच्या नावावर आलं तर सहसा चालत नाही. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाही. भेट असली तरी नाही. जानेवारीत ज्या कागदाने मला दार उघडून दिलं होतं, त्याची इथे किंमत शून्य होती. उलट तो कागद बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरने दिलेलं औषधच आहे हे." तिथे मला काही बोलता आलं नाही.

मी बी-१२ च्या पट्टीवरचा एफएसएसएआयचा क्रमांक दाखवला, की बघा, हे आमच्याकडे अन्न म्हणून विकलं जातं. त्यांनी सौम्यपणे सांगितलं की भारतात ते काय म्हणून विकतात याने इथे काही ठरत नाही. शंका असेल तर ते राज्याच्या औषध खात्याचं मत मागवतात आणि त्यानुसार चालतात. चूर्णाच्या पुड्या त्यांनी उघडल्याही नाहीत. "यात काय आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे लिखित उत्तर नव्हतं आणि कुटकीचं नाव मी स्वतःहून घेणार नव्हते.

दोन पर्याय होते. परत पाठवा किंवा नष्ट करायला संमती द्या. मी सही केली. घरी येताना ट्रॅममध्ये हिशोब केला तेव्हा लक्षात आलं, कुरियरचा खर्च आतल्या गोळ्यांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होता.

आता इथलंच काहीतरी शोधायचं. इथे दोन प्रकारची दुकानं असतात आणि त्यांतला फरक कळायला मला चार महिने लागले. एक ड्रोगेरी, म्हणजे डीएम, रोसमान वगैरे. शाम्पू, लहान मुलांचे डायपर, आणि मधल्या रांगेत भिंतभर व्हिटॅमिनं. दुसरं अपोटेके, बाहेर मोठं लाल 'ए' लटकलेलं, आत पांढऱ्या कोटातला फार्मासिस्ट. आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन्ही एकाच काउंटरवर मिळतं म्हणून डोक्यात तो भेदच नसतो.

मी ड्रोगेरीत गेले. पहिला धक्का टिंबांचा. डी-३ च्या डबीवर लिहिलं होतं '1.000 I.E.' आणि मला वाटलं, एक युनिट? यांना काय चेष्टा सुचतेय? जर्मन आकड्यांत हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. म्हणजे ते एक हजार. 'I.E.' म्हणजे आपलं आंतरराष्ट्रीय युनिटच, फक्त जर्मन आद्याक्षरं. त्याखाली '25 µg', कारण डी-३ चे चाळीस युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. आणि त्यापुढे ५००%. ही टक्केवारी युरोपच्या दैनंदिन संदर्भमूल्याची, ते डी साठी फक्त पाच मायक्रोग्रॅम धरलंय. म्हणून हजार युनिटची साधी गोळी पाचशे टक्के दिसते. आपली साठ हजारांची कॅप्सूल याच पट्टीवर मोजली तर तीस हजार टक्के. सीमाशुल्काच्या बाईंनी आकडा दोनदा का वाचला ते मला त्या रांगेत उभं राहून समजलं.

चूक झाली ती लोहात. डबीवर 'आयझन', म्हणजे लोह, रोज एक गोळी. माझीही रोज एक गोळीच होती. घेतली. चवीलाही बरी, पोटही बिघडलं नाही, जे पुण्याच्या गोळीने नेहमी बिघडायचं. मला वाटलं, जर्मन दर्जा! ऑगस्टपर्यंत जिने चढताना धाप लागायला लागली, केस न्हाणीघराच्या जाळीत गोळा व्हायला लागले. सप्टेंबरमध्ये इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, हाउसआर्त्स्टकडे गेले. रक्त घेतलं. निघताना पुण्यात फेरीटिन बावीस होतं, आता नऊ.

डॉक्टरने विचारलं, काय घेताय? मी अभिमानाने डबी काढली. त्याने ती फिरवून मागची ओळ दाखवली. १४ मिलिग्रॅम, शंभर टक्के. "ही निरोगी माणसाच्या रोजच्या जेवणाला जोड आहे," तो म्हणाला, "तुमची टाकी रिकामी आहे." पुण्याच्या गोळीत लोह होतं १०० मिलिग्रॅम. 'रोज एक' या दोन शब्दांवर विसंबून मी पाच महिने सातव्या हिश्श्याच्या लोहावर काढले होते. पोट बिघडत नव्हतं त्याचं कारणही तेच.

त्याने हिरव्या कागदावर लिहून दिलं. हिरवा कागद म्हणजे नुसती शिफारस. औषध चिठ्ठीशिवायही मिळतं, पण अपोटेकेतच मिळतं आणि पैसे आपणच द्यायचे. तिथे मिळालेल्या खोक्यावर मी तोवर वाचायला शिकले होते. ठळक अक्षरांत ५६७ मिलिग्रॅमच्या वर काहीतरी आयर्न-ग्लायसिन-सल्फेट. आकडा बघून छाती दडपते. पण ते सगळ्या क्षाराचं वजन. पुढे बारीक अक्षरांत 'म्हणजे लोह १०० मिलिग्रॅम' अशा अर्थाची ओळ होती. जुळवायची ती ओळ. माझ्या पुण्याच्या पट्टीवर क्षार वेगळा, अॅस्कॉर्बेट, पण मागे 'एलिमेंटल आयर्न १०० एमजी' हेच होतं. गोळीचं नाव, रंग, क्षार सगळं वेगळं असून ती माझ्या जुन्या गोळीच्या बरोबरीची होती. आणि ड्रोगेरीतली, जी नावाला सारखी होती, ती नव्हती.

दोन डब्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. ड्रोगेरीच्या डबीवर तो चोवीस अक्षरी शब्द असतो, नारुंग्सएर्गेन्त्सुंग्समिटेल, पूरक आहार, आणि ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका असं वाक्य. औषधाच्या खोक्यात घडी घातलेलं लांबलचक माहितीपत्रक असतं आणि खोक्यावर परवान्याचा क्रमांक. आठ आकडी पीझेडएन क्रमांकावरून मात्र फसू नये, तो फक्त अपोटेकेच्या मागवण्याच्या सोयीचा आहे आणि दोन्हींवर असू शकतो. मी आधी त्यालाच औषधाची खूण समजत होते.

डी-३ चा हिशोब डॉक्टरने पाठीमागच्या कोऱ्या कागदावर केला. चाचणीचे पैसे मला खिशातून द्यावे लागले. आकडा नॅनोमोलमध्ये आला, आपल्या नॅनोग्रॅमच्या अडीच पट, त्यामुळे क्षणभर वाटलं की मी एकदम सुधारलेय. महिन्याला साठ हजार म्हणजे दिवसाला सरासरी दोन हजार. तेच इथे रोज हजाराच्या दोन गोळ्या घेऊन होतं, किंवा वीस हजारांची एक कॅप्सूल दर दहा दिवसांनी. त्याने दुसरं लिहून दिलं, निळ्या कागदावर, कारण ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि माझा विमाही देत नाही. आठवड्याला साठ हजार हा सुरुवातीचा जोर आता गरजेचा नाही म्हणाला. ते मीही इतके महिने कुणाला विचारलं नव्हतं.

मी अपोटेकेतल्या बाईंना विचारलं, समजा मला भारतातलीच गोळी हवी असेल तर? त्यांनी सांगितलं, एक रस्ता आहे. डॉक्टरने चिठ्ठी दिली आणि इथे तसं औषध उपलब्ध नसेल, तर अपोटेके परदेशातून त्या एका रुग्णासाठी मागवू शकते. पण लोह आणि डी-३ साठी तो रस्ता कोण कशाला घेईल, कारण इथे ते आहेच. बी-१२ मध्ये त्यांनी १००० मायक्रोग्रॅमची सायनोकोबालामिनची गोळी काढून दिली. माझं मिथाइल होतं, हे सायनो. मी कुरकुरले. त्या म्हणाल्या, "रूप वेगळं आहे, शरीर दोन्ही वापरतं. तीन महिन्यांनी रक्त तपासा, मग भांडू."

शाकाहाराचं राहिलंच. वीस हजारांची कॅप्सूल घरी आणली आणि सवयीने हिरवा ठिपका शोधला. इथे तो नसतोच. घटकांत लिहिलं होतं 'गेलाटीने'. ड्रोगेरीतल्या काही डब्यांवर तर कंसात प्राणीही लिहितात, 'रिंड', म्हणजे गाय-बैल. मी हादरले, आईला फोन करायच्या बेतात होते. मग सहज पुण्याहून आणलेली रिकामी पट्टी पाहिली. तिथेही मऊ जिलेटिनची कॅप्सूल असंच छापलेलं, इतकी वर्षं. आपल्याकडे औषधाच्या पट्टीला हिरवा-लाल ठिपका लागत नाही, म्हणून कधी दिसलं नव्हतं. आणि डी-३ मुळात बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून काढतात. पुढच्या वेळी मी अपोटेकेत गोळीच्या रूपातलं मागितलं. कॅप्सूलच घ्यायची असेल तर घटकांत सेल्युलोज शोधते. आईला फोन केला नाही. तिच्याबाबत माझी ही दुसरी लपवाछपवी.

डिसेंबरात फेरीटिन चौतीसवर आलं आणि मी सुट्टीला पुण्यात गेले. कपाट उघडलं. चाळीसातल्या आठ मी नेल्या, आठ दादाने पाठवल्या आणि इथे नष्ट झाल्या, म्हणजे चोवीस उरायला हव्या होत्या. डबीत दोन होत्या.

"त्या होय," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी घेतो दर रविवारी, जुलैपासून. वाया कशाला घालवायच्या? ताकदीच्याच आहेत ना?"

मी त्यांना दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये घेऊन गेले. डी आणि कॅल्शियम दोन्ही तपासलं, कारण डी जास्त झालं तर त्रास कॅल्शियम वाढल्याने होतो. कॅल्शियम मर्यादेत होतं, डी ८८ नॅनोग्रॅम. डॉक्टर म्हणाले, बंद करा आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघू. बाबांचं मत असं पडलं की त्यांचे गुडघे मात्र सुधारलेत.

उरलेल्या दोन मी मेडिकलमध्ये परत न्यायला गेले. काकांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि परत माझ्या हातात दिले. बाबांनी त्या कात्रीने कापल्या होत्या आणि ज्या टोकाला तारीख असते ते टोक नव्हतं.